हो, नाही आणि ‘बघू’

1909 साली लंडनमध्ये ए. ई. वेट यांनी बेत आखला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने टॅरोचे 78 पत्ते रंगवले. राजे, राण्या, मनोरे, चंद्र, कबरीतून उठणारी माणसं. एवढा पसारा समोर मांडून माणूस विचारतो काय? ‘हो की नाही, तेवढं सांगा!’

बरं, सांगू.

सगळ्यात सोपी मांडणी तीन पत्त्यांची. पिसायचं, तीन काढायचे. तिन्ही सुलट आले तर हो, तिन्ही उलट आले तर नाही, सरमिसळ झाली तर कदाचित. नियम सुटसुटीत आहे, फक्त हिशेब कुणी करत नाही. एक पत्ता दोन तऱ्हांनी पडू शकतो, म्हणजे तीन पत्ते आठ तऱ्हांनी. त्यात एक ‘हो’, एक ‘नाही’ आणि उरलेल्या सहा? कदाचित.

म्हणजे चारातल्या तीन वेळा ‘कदाचित’ येणार, हे पत्ते पिसण्याआधीच ठरलेलं असतं. आणि आपण म्हणतो, ‘विश्वाला अजून सांगायचं नाहीये.’

विश्व बिचारं कशाला मध्ये?

आता एक मांडणी बघा. प्रश्न असा: ‘भाड्याचं घर सोडून विरारला फ्लॅट घ्यावा का?’ पत्ते आले सूर्य सुलट, टू ऑफ स्वोर्ड्स सुलट आणि हँग्ड मॅन उलटा. वरच्या नियमाने उत्तर कदाचित. बहुमताचा नियम लावला तर दोन सुलट, एक उलट, म्हणून हो. तिसरी रीत पत्त्याच्या स्वभावाची: सूर्य म्हणजे हो, टू ऑफ स्वोर्ड्समधली बाई डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीवर दोन तलवारींची फुली धरून बसलेली, म्हणजे अडून बसलेला निर्णय, हँग्ड मॅन म्हणजे थांबा. पुन्हा कदाचित.

पत्ते तेच, बाई तीच, फ्लॅट तोच. नियम तीन, निकाल दोन.

(शिवाय हँग्ड मॅन मुळातच एका पायावर खाली डोकं करून टांगलेला आहे. पत्ता उलटा आला की तो गडी सरळ उभा राहतो. याला ‘नाही’ म्हणायचं?)

खरी गोम इथे आहे. कुठला नियम लावायचा हे पत्ते उघडल्यावर ठरवलं, तर उत्तर पत्त्यांनी दिलेलं नसतं. म्हणून नियम आधी कागदावर लिहावा. नुसतं हो-नाही हवं असेल तर बहुमत घ्यावं. तीन पत्त्यांत बरोबरी होऊच शकत नाही, ‘कदाचित’ची कटकटच नाही. मग उत्तर आवडलं नाही तरी चरफडत घ्यावं.

आपल्याकडे कोकण-गोव्यात देवळात कौल लावतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही, हे गाऱ्हाण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. पाकळी पडल्यावर ‘उजवं म्हणजे नेमकं कुणाचं उजवं?’ असं विचारून बघा गुरवाला.

‘कदाचित’ ठेवायचंच असेल, तर त्याचं काम ठरवून ठेवा. अडलेला पत्ता बघायचा आणि प्रश्न तपासायचा. ‘फ्लॅट घ्यावा का’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत: हप्ता झेपेल का, सासूबाई येतील का, रोज लोकलमध्ये चढता येईल का. डोळ्यांवरच्या पट्टीला विचारा, यातलं काय बघायचं टाळलंय? मग एकच प्रश्न, मुदतीसकट: ‘डाउन पेमेंट भरल्यावर सहा महिन्यांचा खर्च हातात उरेल का?’

याचं उत्तर पासबुकात आहे. तेही बिनपैशांत.

पण लोक असं करतात होय? ते चौथा पत्ता काढतात. त्याला भारदस्त नाव आहे, क्लॅरिफायर. तोही गुळमुळीत निघाला की पाचवा. मग सहावा. ‘हो’ आलं की हात थांबतो. ‘नाही’वर थांबलेला हात कुणी बघितलाय? अशा रीतीने 78 पत्त्यांत ‘हो’ सापडणारच. एक क्लॅरिफायर घ्या हवं तर, तोसुद्धा आधी ठरवून. नाहीतर प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा.

ज्यांना एवढीही कळ निघत नाही, त्यांच्यासाठी एक आतली गोष्ट. नवा जोड पाकिटातून निघतो तेव्हा सगळे पत्ते एकाच दिशेला असतात. हातातल्या हातात नेहमीसारखं पिसलं की क्रम बदलतो, दिशा नाही. पत्ते उलटे यायला हवेत तर पिसताना अर्धी गड्डी फिरवावी लागते, किंवा सगळे टेबलावर पसरून कालवावे लागतात. ते केलं नाही तर तिन्ही पत्ते दर वेळी सुलट. दर वेळी ‘हो’.

फ्लॅट घ्या, नोकरी सोडा, त्याला फोन करा. ‘या जोडाची एनर्जी फारच पॉझिटिव्ह आहे हो!’