चिरंजीवांचा पहिला मोबा : अननुभवी पालकांसाठी अनुभवी सल्ला

अभिनंदन! तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाने ताटावर बसल्या बसल्या 'वर्गातले सगळे खेळतात' असं जाहीर केलं आहे आणि तुम्ही नेमका घास गिळत असल्यामुळे 'नाही' म्हणायची वेळ निघून गेली आहे. आता प्रश्न एवढाच, की कोणता मोबा घ्यायचा. खेळ बहुतेकांत सारखाच, आणि तसा सोपा आहे. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, मधे तीन वाटा, वाटांवर बुरूज, दोन्ही टोकांना एकेक मुख्य ठाणं. समोरच्याचं ठाणं पाडलं की जिंकलात. हे समजायला दोन मिनिटं लागतात. उरलेलं समजायला मुलाची दहावी.

1. सुरुवात अवघडातून करा. पोहायला शिकवताना आपल्याला नाही का थेट विहिरीत ढकललं होतं? तेव्हा डोटा 2 घ्या. 2013 पासून चालू आहे, फुकट आहे, आणि त्यातले सव्वाशेच्या आसपास नायकही पहिल्या दिवसापासून फुकट आहेत. फुकट म्हटल्यावर आपण पुढचं वाचत नाही, तसं इथेही वाचू नका. वाचलंत तर कळेल, की प्रत्येक नायकाची शस्त्रं, शक्ती आणि खोडी वेगळ्या असतात आणि समोर आलेला नायक काय करू शकतो हे ठाऊक नसेल, तर मरूनच शिकावं लागतं. त्यामुळे ही देणगी नसून अभ्यासक्रम आहे.

पैसे कसे मिळतात तेही पाहून ठेवा. दर तीस सेकंदांनी दोन्ही बाजूंचे छोटे सैनिक वाटांवरून चालत येतात. त्यांना दहा वार करून उपयोग नाही. शेवटचा, जीव घेणारा वार ज्याचा, सोनं त्याचं. नवशिका इमानेइतबारे नऊ वार करतो आणि दहावा दुसराच कुणीतरी मारून जातो. ऑफिसात नोकरी केलेल्या पालकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. डोटात याच्या पुढची पायरी आहे. आपलाच सैनिक अर्ध्याहून अधिक घायाळ झाला, की त्याला आपणच मारून टाकायचं, म्हणजे समोरच्याला त्याचं सोनं मिळत नाही. परक्याला मिळू नये म्हणून स्वतःचंच माणूस कापायचं हे तत्त्व मुलाला परदेशी वाटेल. त्याला आजोबांच्या शेताच्या बांधाची गोष्ट सांगा.

नायक निवडताना मुलगा इन्व्होकर मागेल. द्या. तीन रंगांचे गोळे, त्यांच्या जुळणीतून दहा मंत्र, आणि ते लढाई चालू असताना बोटांनी आठवायचे. ज्या मुलाचा सतराचा पाढा अजून धक्क्याला लागत नाही, त्याला हेच शोभतं. मित्राचे बाबा कदाचित भित्रे निघतील. ते लीग ऑफ लेजेंड्स घेतील, मुलाला गॅरन देतील, ज्याच्या शक्ती वापरायला मानाचं इंधन लागत नाही आणि जो थोडा वेळ मार न खाता उभा राहिला की आपोआप बरा होतो. शिवाय पहिले वीस सामने संगणकाविरुद्ध खेळवतील आणि एकच नायक महिनाभर बदलू देणार नाहीत. त्या मुलाला खेळ येऊ लागेल, पण त्यात मर्दुमकी ती काय?

2. सामन्याची लांबी विचारूच नका. विचारलीत तर मुलगा म्हणेल, 'चाळीस मिनिटं.' हे खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. हिशेब करा. सव्वाआठला बटण दाबलं. जोडीदार मिळेपर्यंत चार मिनिटं, नायक निवडण्यात आणखी चार. आठ तेवीसला खेळ सुरू, नऊ वाजून तीन मिनिटांनी संपला, तोही नशिबाने. पन्नास मिनिटांचे सामनेही होतात. कुकरची शिट्टी साडेआठला झालेली आहे. वरणावर साय धरली आहे.

या वेळी घरोघरी पुढील संवाद होतो:

'अरे, पानं घेतलीत!'

'आई, दोनच मिनिटं!'

'मग थांबव ना ते जरा.'

'असं थांबत नाही ते!'

मुलगा खोटं बोलत नाही. लीगमध्ये अनोळखी लोकांबरोबरच्या सामन्यात थांबवायची सोयच नाही. डोटात आहे, पण थोड्या वेळाने समोरचा संघही तो विराम उठवू शकतो, आणि उठवतोच. मधेच उठून गेलं तर मागचे चौघे पाचांशी लढतात. डोटात पाच मिनिटांत परतला नाही, तर सामना सोडल्याची नोंद होते आणि शिक्षेच्या रांगेत जावं लागतं. तिथले सामने नुसते खेळून सुटका नाही, जिंकावे लागतात, आणि बरोबर असतात ते तसेच शिक्षा झालेले. वीज तुमची गेली की महावितरणची, हे तिथे कुणी विचारत नाही.

हरणारा सामना लवकर सोडून द्यावा म्हणाल, तर लीगमध्ये ती सोय आहे. पंधराव्या मिनिटाला पाचही जण तयार हवेत, वीस मिनिटांनंतर चौघे पुरतात. सोसायटीच्या सभेला कधी गेला असाल, तर पाचवा माणूस कोण असतो हे तुम्हाला माहीत आहे. हरणं पक्कं असूनही तो 'नाही' म्हणतो, आणि वरण आणखी पाच मिनिटं निवतं.

याउलट पोकेमॉन युनाइट नावाचा एक भिकार पर्याय आहे. सामना दहा मिनिटांचा, घड्याळ वरच दिसतं, शेवटच्या दोन मिनिटांत गुण दुप्पट होतात, की संपलं. पोळ्या लाटायला घेतल्या की सुरू करायचा, शेवटची पोळी तव्यावरून उतरली की ताटावर. घरात भांडणाला काही विषयच उरत नाही. पैसे मोजून घेण्यासारख्या वस्तू त्यात आहेत तेवढी एक काळजी, पण ती तुमच्या कार्डाची; जेवणाची नव्हे. असा खेळ घेतलात तर संध्याकाळी तुम्ही नवराबायको बोलणार कशावर?

3. गप्पांची खिडकी उघडी ठेवा. मुलाची भाषा सुधारते. चार अनोळखी माणसं, हरत आलेला सामना आणि सगळ्यात नवा खेळाडू तुमचा मुलगा: त्याला आठवडाभरात 'नूब', 'अनइन्स्टॉल कर', 'रिपोर्ट करा याला' एवढं येईल. पुढचं तो तुमच्यासमोर म्हणणार नाही. लीगवाल्यांनी 2021 मध्ये शत्रूशी बोलायची सोय बंद केली होती. पण शत्रूच्या शिव्या हा मुळात किरकोळ भाग. माणसाला खरं बोलतात ते आपल्याच संघातले, आणि ती खिडकी उघडीच होती.

सुदैवाने खिडकी बंद करणं सोपं आहे, म्हणून कुणी करत नाही. लीगमध्ये सामना सुरू होताच हे टाइप करायचं:

```
/mute all
```

शब्द गेले. मग चिन्हं येतात. 'या वाटेवरचा शत्रू दिसत नाही, सांभाळा' हे कळवायला तिथे नकाशावर प्रश्नचिन्ह टाकता येतं. सद्हेतूची सोय. ती वापरतात ती तुमचा मुलगा मेला, की त्याच्या कलेवरावर टाकायला. एक प्रश्नचिन्ह म्हणजे 'हे काय केलंस?' तीन म्हणजे घराण्यापर्यंत. एकाही अक्षराशिवाय इतका अपमान मराठीलाही आजवर जमला नव्हता. त्यावर `/fullmute all` हा उपाय आहे. पण मग खरोखरचा इशाराही दिसत नाही, आणि मुलगा पुन्हा मरतो.

युनाइटमध्ये अनोळखी माणसाला सामन्यात मनातलं काही लिहिताच येत नाही, ठरलेली वाक्यं निवडावी लागतात. तरी आशा सोडू नका. गोल घालवल्यावर कुणी 'धन्यवाद!' लागोपाठ पाच वेळा पाठवलं, की अर्थ पोचतोच. डोटात मात्र बोलण्यातल्या वर्तणुकीला गुण आहेत, कमाल 12,000. शाळेच्या प्रगतिपुस्तकातला 'अ' शेरा आजवर कुठे उपयोगी पडला नसेल, इथे गुण उतरले तर बोलायची सोय काढून घेतात. पालकसभेत हा आकडा विचारायला हरकत नाही.

4. स्वतः खेळून पाहा. एकदाच. मुलाच्या शेजारी बसून, त्याच्याच संघात. मी हे केलं. चौथ्या मिनिटाला एका बुरुजाखाली मेलो. खोलीत शांतता होती. मुलाने मान वळवली नाही, चकार शब्द काढला नाही. माझ्या देहावर फक्त एक पिवळं प्रश्नचिन्ह उमटलं, मग दुसरं, आणि आतून हाक आली, 'पानं घेतलीत!'

'दोनच मिनिटं,' मी म्हणालो.