ब आधी की क आधी?

आमची भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता अकरावीत सगळं इंग्रजीत. रविवारी सकाळी ती जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे येते. बाकीचे प्रश्न आम्ही वाचतही नाही. नुसत्या कार्बनी रचना हुडकायच्या आणि नावं ठेवायची. नावं ठेवणं हा आमच्या घराण्याचा जुनाच उद्योग.

परवा पहिलीच रचना ही निघाली:

CH₃–CH(C₂H₅)–CH₂–CH(CH₃)–CH₃

तिने झटकन लिहिलं, 2-इथाइल-4-मिथाइलपेंटेन. आडव्या ओळीत पाच कार्बन दिसतात, म्हणून पेंटेन. पण पेपर काढणारा बेरकी. त्याने साखळीचं टोक कंसात दडवलेलं. कंसातल्या इथाइलपासून मोजत आलं की सहा कार्बन भरतात. म्हणजे हे हेक्झेन. इथाइल हे साखळीचंच शेपूट, आणि ओळीत पहिला मान मिळालेला CH₃ बिचारा नुसती फांदी. डावीकडून आकडे घातले तर फांद्या 3 आणि 5 वर येतात, उजवीकडून 2 आणि 4 वर. लहान आकडे घ्यायचे: 2,4-डायमिथाइलहेक्झेन.

मी ऐटीत खूण सांगितली, "नावात 2-इथाइल आलं की समजायचं, साखळी चुकली." पुढच्या रविवारी तिने 2-इथाइलहेक्झॅन-1-ऑल समोर ठेवलं, उत्तरपत्रिकेतलं, आणि अगदी बरोबर. माझी खूण फक्त साध्या अल्केनपुरती. –OH आला की तो ज्या कार्बनवर बसलाय तो साखळीत हवाच, मग त्याच्यासाठी सात कार्बनांची लांब वाट सोडून सहांवर भागवायचं.

खरी गंमत तिसऱ्या रचनेत झाली: CH₃–CHBr–CHCl–CH₃. कुठूनही मोजा, आकडे 2 आणि 3 च. अशी बरोबरी झाली की वर्णानुक्रमात जो आधी, त्याला लहान आकडा. तिने लिहिलं, 2-क्लोरो-3-ब्रोमोब्यूटेन.

"उलटं कसं गं?"

"उलटं काय त्यात? क आधी, ब नंतर. मामा, बाराखडी विसरलास?"

मी गप्पच झालो. इथाइल आधी आणि मिथाइल नंतर, हे तिला कधीच चुकलं नव्हतं. पण तिथे इ आणि म देवनागरीतही त्याच क्रमाने येतात, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही. ब्रोमो-क्लोरोने बिंग फोडलं. हा क्रम रोमन अक्षरांचा, B आधी, C नंतर. म्हणून 2-ब्रोमो-3-क्लोरोब्यूटेन, नुसते शब्द नाहीत, आकडेही जागा बदलतात.

तिने खोडलं, पण नाराजीने. "हे ठरवलं कुणी?"

"सुरुवात 1892 साली जिनिव्हात झाली. युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले होते."

"त्यात एखादा मराठी माणूस असता तर?"

"तर कुणाचं नाव आधी, यावर ती बैठक अजून चालू असती."