शब्द फोडण्याची अधिकृत पद्धत

व्याकरणाच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने पेन्सिलीला टोक करावे आणि समोरच्या शब्दाकडे फौजदाराच्या नजरेने पाहावे. शब्दावर दोन आरोप असू शकतात. पहिला संधीचा: शेजारी आलेले दोन वर्ण एकमेकांत मिसळले. दुसरा समासाचा: दोन शब्दांनी मधले प्रत्यय आणि जोडशब्द गिळून एकच शब्द केला. एक आरोप कानाने तपासायचा, दुसरा अर्थाने. दोन्ही एकदम तपासू गेल्यास उत्तरपत्रिका लाल होते.

‘गजानन’ला उभे करा. गज + आनन; ‘ज’मधला अ आणि पुढचा आ मिळून एकच आ उरला. हा झाला स्वरसंधी. आता विग्रह: गजासारखे आनन आहे ज्याचे तो. म्हणजे हत्ती नव्हे, तोंडही नव्हे, तिसराच कोणीतरी, गणपती. दोन्ही पदे गौण ठरली, म्हणून बहुव्रीही समास. एका शब्दावर दोन्ही गुन्हे शाबीत.

पण दरवेळी तसे होत नाही. ‘महादेव’मध्ये समास आहे, संधी नाही. ‘खिडकीत’ची फोड पाठ्यपुस्तके खिडकी + आत अशी करतात आणि आतला आ नाहीसा झाला म्हणून त्याला पूर्वरूप संधी म्हणतात, समास तिथे नाही. (विभक्तीच्या धड्यात हाच ‘त’ सप्तमीचा प्रत्यय म्हणून हजर असतो. त्याला तिथे ओळख दाखवू नये.)

समासाचा प्रकार ठरवताना महत्त्वाचे पद कोणते, एवढेच विचारावे. पहिले असेल तर अव्ययीभाव, दुसरे असेल तर तत्पुरुष, दोन्ही असतील तर द्वंद्व. सगळ्यात जास्त बळी मात्र संख्येने जातात. सुरुवातीला आकडा दिसला की विद्यार्थी डोळे मिटून ‘द्विगू’ लिहितो. ‘पंचवटी’ला ते चालते, कारण तो खरोखर पाच वडांचा समूह आहे. ‘दशानन’ला चालत नाही. दहा तोंडांचा ढीग असा त्याचा अर्थ नसून ती तोंडे ज्याला आहेत तो रावण असा आहे, समास बहुव्रीही. शब्दाचा अर्थ ‘इतक्यांचा समूह’ होतो का, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

सरावासाठी स्वयंपाकघरात जावे. वर्गीकरण करा: मीठभाकर, पुरणपोळी, विटीदांडू, खरेखोटे. विटीदांडू स्वयंपाकघरात कसा आला, हे आईला विचारू नये.

उत्तरे: मीठभाकरीत मीठ, भाकर आणि तसलेच इतर साधे पदार्थ येतात, समाहार द्वंद्व. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी; ‘भरून केलेली’ हे मधले शब्द गळाले, म्हणून मध्यमपदलोपी. विटी आणि दांडू, इतरेतर द्वंद्व. खरे किंवा खोटे, वैकल्पिक द्वंद्व. पुरणपोळीला द्वंद्व म्हणणाऱ्याला ताटात पुरण आणि पोळी वेगवेगळी वाढावी.