कंसातला मिलिमीटर

ड्रॉइंगवर बोअरचं माप होतं 2.047 ते 2.048, आणि त्याच्याखाली चौकोनी कंसात 52.00 ते 52.03. वरचं इंचात, खालचं मिलिमीटरमध्ये. माल अमेरिकेला जाणार, काम कोल्हापूरच्या एका पार्टीचं, आणि कास्टिंगला बोअर मारायचा आम्ही, जयसिंगपुरात. एवढ्या लांबच्या प्रवासात माप थोडं हलणारच, असं आमच्या अण्णांचं, म्हणजे मालकांचं, मत पडलं.

मी इन्स्पेक्शनला असतो. त्यामुळे शॉपमध्ये संशय घेण्याचा पगार फक्त मलाच मिळतो. मी कॅल्क्युलेटर काढला. 2.047 गुणिले 25.4 म्हणजे 51.994. 2.048 गुणिले 25.4 म्हणजे 52.019. कंसात मात्र 52.000 आणि 52.030. खालच्या टोकाला सहा मायक्रॉनचा फरक, वरच्या टोकाला अकराचा.

“इंचच तसला हाय त्यांचा,” तात्या म्हणाले. तात्या आमचे जुने टर्नर. त्यांची सगळी हयात सूत आणि थाऊवर गेली. सरकारनं 1956 साली दशमान पद्धतीचा कायदा केला, तो त्यांना वैयक्तिकरीत्या कुणी कळवलेला नाही. पण इंचाचा यात दोष नव्हता. 1959 साली इंग्रजी मापं वापरणाऱ्या देशांनी मिळून ठरवलं, की एक इंच म्हणजे बरोब्बर 25.4 मिलिमीटर; पुढे दशांश नाही, शेपूट नाही. त्यामुळे दोन आकडे जुळत नसतील, तर दोहोंपैकी एक कुणीतरी हातानं छाटलेला आहे, एवढं नक्की. प्रश्न इतकाच, की कुठला?

हे ओळखायची साधी खूण म्हणजे मूळ आकडा गोल असतो आणि भाषांतर वेडंवाकडं. याच ड्रॉइंगवर बाहेरची लांबी 4.500 होती, कंसात 114.3. बोल्टाचे आटे तीन अष्टमांश इंचाचे. म्हणजे ड्रॉइंग जन्मानं इंचवालं. पण बोअरजवळ आलं की उलटं: 52 हा गोल, 2.047 वाकडा. कारण त्या बोअरमध्ये बसणार होता 6205 नंबरचा बेअरिंग, आणि त्याचा बाहेरचा व्यास जगात कुठंही 52 मिलिमीटरच. डिझायनरनं बेअरिंगच्या पुस्तकातून 52.000 ते 52.030 घेतलं, इंचात बदललं, आणि उरलेल्या ड्रॉइंगला शोभावं म्हणून तीनच दशांश ठेवले. खरा आकडा 2.0472 होता, त्यातला शेवटचा 2 गेला. इंचाचा तिसरा दशांश एकानं हलला की माप पंचवीस मायक्रॉननं उडी मारतं. तीस मायक्रॉनच्या टॉलरन्सला असल्या पायऱ्या परवडत नाहीत.

आता सहा मायक्रॉननं काय आभाळ कोसळतं, असं अण्णांनी विचारलंच. साध्या प्रतीच्या 6205 ची बाहेरची रिंग 52.000 ते 51.987 या हद्दीत असते. समजा आमचा बोअर 51.996 निघाला. इंचाच्या हिशेबानं तो पास. पण बेअरिंग नेमका 52.000 चा आला, तर तो हातानं सरकायचा नाही, दाबून घालावा लागेल. उलट बोअर 52.025 निघाला तर बेअरिंग सुखानं बसेल, आणि इंच धरून बसलेला इन्स्पेक्टर तोच जॉब फेकून देईल. म्हणजे पास झालेला बसत नाही, आणि बसणारा पास होत नाही.

डिप्लोमावाला पोरगा म्हणाला, “सर, एवढं कशाला? कोपऱ्यात नोट असते की.”

बरोबर होतं त्याचं. अशा दुहेरी मापांच्या ड्रॉइंगला टायटल ब्लॉकमध्ये एक ओळ असते, की मापं इंचात आहेत, कंसातले मिलिमीटर फक्त माहितीसाठी. किंवा उलट. ती ओळ सापडली, की गोल आकडा, वाकडा आकडा हे आपलं सगळं पांडित्य बाजूला ठेवायचं आणि ती पाळायची. पण आमच्या ड्रॉइंगला कोपराच नव्हता. मधली पार्टी मूळ गिऱ्हाइकाचं नाव आपल्याला कळू नये म्हणून टायटल ब्लॉक कापूनच पीडीएफ पाठवते. आपण थेट अमेरिकेला फोन लावू, अशी त्यांना भीती. आमच्या अण्णांना सांगलीला फोन लावायचा तरी दहा वेळा विचार करावा लागतो. नावाबरोबर नोटही गेली, आणि टॉलरन्स न लिहिलेल्या मापांचं जनरल टॉलरन्सही गेलं.

नोट नसताना प्रघात असा, की कंसाबाहेरचं माप मुख्य आणि कंसातलं पाहुणं. तो धरला तर इंच जिंकतो आणि तात्या दिवसभर शीळ वाजवतात. पण प्रघात म्हणजे नोट नव्हे. शिवाय कुठलं माप मुख्य हे ठरल्यानं रिजेक्शनचे पैसे कुणी भरायचे तेवढं ठरतं. बेअरिंगला त्यातलं काही कळवलेलं नसतं.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. पार्टीला मेल टाकला: या बोअरची दोन मापं जुळत नाहीत, कुठलं धरायचं ते लेखी कळवा. आणि उत्तर येईपर्यंत मशीन थांबवायचं नाही म्हणून दोन्ही हद्दींचा सामाईक तुकडा काढला. दोन्हीकडच्या पंचांगात बसणारा मुहूर्त शोधावा तसा. तो निघाला 52.000 ते 52.019. तिसाच्या जागी एकोणीस मायक्रॉन. जागा अरुंद, पण चांगल्या सीएनसीवर जमणारी. इन्सर्ट झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो, म्हणून सुरुवात 52.014 ला केली आणि 52.005 ला आला की ऑफसेट द्यायचा असं ठरलं. सामाईक तुकडाच निघत नसता, तर मात्र मशीन बंद ठेवून उत्तराची वाट बघणं एवढंच हातात होतं.

पहिला जॉब डिप्लोमावाल्यानं मशीनवरून काढला आणि तसाच बोअर गेजनं मोजला. 52.021! इंचानं फेल. तात्यांनी जॉबवर हात ठेवला आणि म्हणाले, “चटके बसाय लागलेत की रं. थंड तर होऊ दे.” तात्यांना मायक्रॉनशी देणंघेणं नसलं तरी लोखंड कळतं. 52 मिलिमीटरचा बिडाचा बोअर दहा अंशांनी तापला, की पाच-साडेपाच मायक्रॉननं वाढतो. मापं वीस अंश तापमानाची धरायची असतात, आणि जयसिंगपुरातला मे महिना ते कबूल करत नाही. त्यावर इलाज हाच, की जॉब, गेज आणि सेटिंग रिंग तिन्ही एकाच टेबलावर एकत्र ठेवायची, म्हणजे तिन्ही सारखीच वाढतात आणि चूक बरीचशी आपापसांत मिटते. चहा झाल्यावर तोच जॉब 52.014 दाखवायला लागला. ज्या सहा मायक्रॉनवरून सकाळपासून वाद चालला होता, त्याहून जास्त उष्णता स्वतःच्या खिशातून घालत होती.

पार्टीचं उत्तर आलं, तेव्हा माल पॅक होऊन पडला होता. मेलमध्ये एकच ओळ: टायटल ब्लॉकमधली नोट पाहावी.

अण्णांनी फोन उचलला. त्यांच्या आवाजातली पट्टी पाहून तात्यांनी लेथ बंद केला. अर्ध्या तासानं व्हॉट्सअॅपवर पट्टीएवढा एक तुकडा आला. आजूबाजूचं सगळं कापून नेमकी तेवढी नोट: मापं इंचात, मिलिमीटर संदर्भापुरते. सोबत निरोप, की गिऱ्हाइकानं चूक मान्य केली आहे, पुढच्या ड्रॉइंगला 2.0472 ते 2.0484 येईल.

तात्यांनी शीळ सुरू केली. तेवढ्यात पार्टीचाच फोन.

“अण्णा, नोट बघितली न्हवं? मग झालेला माल कशात केलाय? इंचात का मिलिमीटरमध्ये?”

“दोन्हीत बसतोय,” अण्णा म्हणाले.

पलीकडं जरा वेळ शांतता. मग पार्टी म्हणाली, “बिल मात्र एकाचंच काढा.”