पंक्चरमुक्त भावोजी

आमचे बदलापूरचे भावोजी म्हणजे माणूस लाखमोलाचा, पण पंक्चरचं नाव काढलं की चेहरा असा करतात, जणू कोणी किडनी मागितली. घर ते स्टेशन जायला त्यांनी उभ्यानं चालवायची घडीची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. साडेआठ इंची चाकं, आत ट्यूब. पंक्चर व्हायला लागली, तसा आरोपी ठरलाच होता. "उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले खिळे, दुसरं काय!" स्कूटर कधी कात्रपच्या पुढे गेलेली नाही, हे ताईनं सांगून पाहिलं.

शेवटी अंबरनाथच्या एका पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवली. शेजारीशेजारी दोन चिरा. "काका, खिळ्याचं भोक एकच असतं. हवा कमी होती, पेव्हर ब्लॉकची कड लागली, ट्यूब रिममध्ये चिमटली." एवढ्याशा चाकाला हवा लागते 45 ते 50 पीएसआय. भावोजी अंगठ्यानं दाबून "टणक आहे" म्हणायचे. टायरच एवढा कडक, की हवा निम्मी झाली तरी अंगठ्याला पत्ता लागत नाही. त्याला गेजच हवा. पण गेज घेतला, तर खिळ्यांवर खापर कसं फोडणार?

त्यांनी सॉलिड टायर आणले. ते रिमवर चढेनात, म्हणून ताईच्या पुरणाच्या पातेल्यात उकळून मऊ केले. त्या पातेल्यात पुन्हा पुरण शिजलं नाही. "हवाच नाही, तर जाणार काय?" हे त्यांचं नवं वाक्य.

पंक्चर खरंच थांबली. पण रबराच्या आतल्या पोकळ्या दबून दबणार किती? काँक्रीटच्या रस्त्यावरचा प्रत्येक सांधा टाचेतून थेट दाढेत पोचू लागला. हँडलचे बोल्ट सैल व्हायचे, मडगार्डचा स्क्रू वाटेतच कुठेतरी पडला. भावोजी खिशात ॲलन की बाळगू लागले. एका चार्जमध्ये अंतरही कमी पडायला लागलं, पण ते त्यांनी बॅटरीच्या नावावर घातलं.

मग पाऊस आला. हवेचा टायर खड्ड्यागणिक दबून जमिनीला चिकटून राहतो. सॉलिड टणाटण उडतो, आणि उडालेलं चाक ना वळतं, ना थांबतं. झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर भावोजींनी ब्रेक दाबला आणि ते स्कूटरच्या आधी पलीकडे पोचले. लागलं फक्त कोपराला, पण बघणारे बरेच होते.

आता पुढे हवेचा टायर आहे, कारण ब्रेकचा आणि वळण्याचा भार पुढच्या चाकावर येतो. मागे सॉलिडच, कारण तिथं मोटर आहे. ट्यूब बदलायची तर वायर सोडवण्यापासून तयारी. तडजोड वाईट नाही. टाचा अजून कुरकुरतात, पण ते कबूल करायचं नाही. गेजही आलाय. दर रविवारी चहाआधी हवा मोजतात, आणि सोसायटीत कोणाचीही गाडी पंक्चर झाली की जाऊन विचारतात, "चिरा किती? दोन ना? मग खिळा नव्हेच!"