श्रावणातली कोंबडी आणि सरकलेला वक्र

मागणी वक्र म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ. उभ्या अक्षावर वस्तूची किंमत, आडव्या अक्षावर लोक घेतील ती नगसंख्या. कागदाला अक्ष दोनच असल्यामुळे गिऱ्हाइकाचा पगार, त्याची आवड, शेजारच्या वस्तूचा भाव, सासूबाईंचे उपास यांतल्या कशालाही त्यावर जागा मिळत नाही. हे सगळे जसेच्या तसे आहे असे धरून ती रेघ काढलेली असते. पुस्तकात याला ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ म्हणतात आणि विद्यार्थी हे शब्द फळ्यावरच्या तारखेसारखे न वाचता उतरवून घेतो.

पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. वस्तूची स्वतःची किंमत बदलली, तर ती अक्षावर आधीच हजर आहे. त्यासाठी नवी रेघ लागत नाही, जुन्याच रेघेवर वर चढायचे किंवा खाली उतरायचे. कागदावर नसलेले काही बदलले, तर मात्र जुनी रेघ रद्द होते आणि उजवीकडे किंवा डावीकडे नवी काढावी लागते. मराठी पुस्तकांनी पहिल्या प्रकाराला मागणीतील विचलन म्हटले, म्हणजे विस्तार आणि संकोच. दुसऱ्याला मागणीतील बदल, म्हणजे वृद्धी आणि ऱ्हास. ‘विस्तार’ आणि ‘वृद्धी’ ही सख्खी भावंडे आहेत असे कोणताही शब्दकोश सांगेल. परीक्षेत त्यांची अदलाबदल केली की गुण जातात. नावे ठेवणाऱ्याने विद्यार्थ्यांवर कसला तरी जुना राग काढलेला दिसतो.

फरक नीट दिसतो तो चिकनच्या दुकानात. समजा, एका गल्लीतल्या दुकानात आषाढाच्या मध्यावर भाव किलोला २४० रुपये आहे आणि रोज ४० किलो माल जातो. मग गटारी येते, तिच्या दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, आणि काल रांगेत पुढे घुसणारे गृहस्थ आज त्याच दुकानावरून मान वळवून जातात. भाव उतरत उतरत १६० वर येतो. दुकानदार खडूने पाटीवर १६० लिहितो, खाली दोन रेघा ओढतो आणि स्टुलावर बसून राहतो. दिवसाला २० किलो जेमतेम जाते.

नवशिक्या इथे दोन्ही पायांनी घसरतो. भाव ८० रुपयांनी उतरला आणि खप निम्म्यावर आला, तेव्हा मागणीचा नियम खोटा ठरला, असे तो लिहितो. काहीजण आणखी पुढे जाऊन २४० ला ४० आणि १६० ला २० हे दोन बिंदू पट्टीने जोडतात आणि वर चढणारा मागणी वक्र हौसेने रंगवतात.

या घटनेचे दोन तुकडे करून पाहावे लागतात. पहिल्या तुकड्यात पाटीवरचा भाव २४० वरच गोठवायचा आणि विचारायचे की श्रावणात या भावाला किती जाईल? समजा, फक्त १० किलो. भावाला हात न लावता ३० किलोंची मागणी गेली. हा ऱ्हास, वक्र डावीकडे सरकला, आणि त्याला सरकवणारे कारण पंचांगात आहे, पाटीवर नाही. दुसऱ्या तुकड्यात या नव्या वक्रावर उभे राहून भाव १६० करायचा. श्रावण न पाळणारी मंडळी स्वस्ताई बघून जास्त घेतात आणि १० चे २० किलो होतात. हा विस्तार. म्हणजे सरकण्याने ३० गेले, उतरण्याने १० परत आले, आणि वहीत २० ची घट उरली. मागणीचा नियम दुकानात हजर होता, त्याने आपले १० किलोंचे काम चोख केले. गर्दी ओसरल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही एवढेच. गटारीच्या रविवारी भावही चढतो आणि खपही चढतो, तिथे हाच हिशेब उलटा मांडायचा.

पट्टीने बिंदू जोडणाऱ्यांनी फार ओशाळे होऊ नये. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री मूर यांनी १९१४ साली अमेरिकेतल्या कच्च्या लोखंडाच्या किमती आणि खप यांचे आकडे मांडले आणि वर चढणारा, नव्या जातीचा मागणी वक्र सापडल्याचे छापून टाकले. फिलिप राइट यांनी पुढच्याच वर्षी त्या ग्रंथाच्या परीक्षणात घोटाळा दाखवला. तेजीत कारखाने आणि रेल्वे जास्त लोखंड मागत, मंदीत कमी. मागणीचा वक्र वर्षागणिक इकडून तिकडे सरकत होता. पुरवठ्याचा वक्र त्या मानाने जागचा हलत नव्हता, म्हणून सगळे बिंदू त्याच्यावर जाऊन बसले होते. मूर यांनी विकणाऱ्याचा फोटो काढून खाली गिऱ्हाइकाचे नाव लिहिले. चिकनच्या दुकानातले ते दोन बिंदूही दुकानदाराचेच आहेत: भाव चढा असेल तर तो ४० किलो आणून ठेवतो, पडला की २०.

दुसरी लाडकी चूक गोल फिरणारी आहे. अवकाळी पावसाने कांदा सडला, म्हणून भाव चढला, भाव चढला म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून भाव उतरला, आणि उतरला म्हणून मागणी वाढली. या गतीने कांदा संध्याकाळपर्यंत चार वेळा महाग आणि चार वेळा स्वस्त होईल. पावसाने पुरवठ्याचा वक्र डावीकडे ढकलला, एवढेच खरे. पूर्वी दोन किलो घेणारी बाई आता अर्धा किलो घेते आणि कोशिंबिरीत कोबी वाढवते; ती आपल्या जुन्याच मागणी वक्रावरून वर चढली आहे. हा संकोच आहे, आणि चढलेला भाव टिकतो तो ती असे कमी घेते हे जमेस धरूनच. त्यामुळे तिच्या कमी घेण्याने भाव पुन्हा उतरत नाही. बातमीतले ‘मागणी घटली’ हे शब्द इथे वक्राबद्दल नसून नगसंख्येबद्दल आहेत. सरकला असलाच तर कोबीचा वक्र सरकला, तोही उजवीकडे. कोबीने स्वतः काहीच केलेले नसते.

किंमत बदलली की वक्रावर हालचाल, हे पाठ झाल्यावर विद्यार्थी निर्धास्त होतो आणि नेमका पेट्रोल पंपावर सापडतो. २०१७ च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव रोज बदलू लागले. त्याआधी दरवाढ मध्यरात्रीपासून लागू होई, आणि बातमी संध्याकाळीच कानावर आलेली असे. रात्री नऊला पंपापासून नाक्यापर्यंत स्कूटरींची रांग लागे. कोणी टाकी झाकणापर्यंत भरून घेई, कोणी बाटली पुढे करून नकार ऐकून घेई. प्रश्नात ‘दरवाढ’ हा शब्द दिसताच विद्यार्थी ‘संकोच’ लिहितो. पण रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मीटरवर दर कालचाच आहे. बदलली आहे ती उद्याच्या किमतीची त्याची अपेक्षा, आणि अपेक्षेला अक्ष नाही. तेव्हा आज रात्रीपुरता वक्र उजवीकडे. मध्यरात्रीनंतर दर खरोखर चढला की संकोचाची पाळी येते, पण तो मोजायला पहाटे पंपावर कोणी येत नाही, कारण सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या असतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा वक्रही डावीकडे सरकलेला असतो.