धुण्याच्या पाण्याचे वर्गीकरण, वाटप व विनियोग

एप्रिल लागला, सोसायटीच्या फलकावर टँकरच्या वर्गणीची सूचना झळकली, की घरोघरी एक तरी सज्जन वॉशिंग मशीनशेजारी स्टूल टाकून बसतो. नळीतून मोरीत जाणाऱ्या पाण्याकडे तो, पंगत उठल्यावर उरलेल्या बुंदीकडे यजमान बघतो तसा, बघत असतो. प्रस्तुत मार्गदर्शिका या सज्जनासाठी आहे. घरच्यांनीही ती वाचून ठेवावी. बादल्या शेवटी त्यांनाच उचलायच्या असतात.

साधकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की मशीन एका धुण्यात साधारण तीनदा पाणी सोडते आणि तिन्ही पाण्यांची योग्यता वेगवेगळी असते. उतावळा साधक पहिल्याच पाण्याला बादली लावतो, कारण ते आधी येते. सर्वांत वाईट पाणी नेमके तेच.

याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. वरून झाकण उघडणारे ऑटोमॅटिक मशीन घ्या. आत ५ किलो कपडे, ५० लिटर पाणी आणि ७० ग्रॅम पावडर. धुऊन झाल्यावर मशीनने पाणी सोडले आणि कपडे गरगरा पिळले, तरी कपड्यांत त्यांच्या वजनाइतके, म्हणजे ५ लिटरच्या आसपास पाणी राहतेच. पाण्याचा दहावा हिस्सा राहिला, म्हणून पावडरीचाही दहावा हिस्सा राहिला: ७ ग्रॅम. मशीन पुन्हा ५० लिटरपर्यंत भरले की दुसऱ्या पाण्यात ही ७ ग्रॅम. तेही सोडून पिळले की तिसऱ्या पाण्यात उरते ०.७ ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढी. कापड थोडी पावडर धरून ठेवते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे जरा वर सरकतात, पण क्रम बदलत नाही. सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांनी मात्र लगेच हुरळून जाऊ नये. त्यांच्याकडे मधले पिळणे बहुधा होत नाही. नुसते पाणी सोडून कपडे निथळत ठेवले तर त्यांत १५ लिटर सहज राहते. मग त्यांच्या तिसऱ्या पाण्यात ६ ग्रॅमहून जास्त पावडर निघते, म्हणजे त्याची लायकी शेजारच्या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या पाण्याएवढीच.

आता हे पाणी कुंडीत गेल्यावर काय होते ते पाहू. बहुतेकांचा राग फेसावर असतो. फेस दिसतो म्हणून त्याच्यावर राग काढणे सोपे. पण हल्लीच्या पावडरींतला फेस करणारा घटक हवेशीर मातीतले जिवाणू काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, खाऊन टाकतात. उरतो तो धुण्याचा सोडा, आणि पावडरीचे आकारमान वाढवायला घातलेले सोडियम सल्फेट. या दोघांतल्या सोडियमला खाणारे मातीत कोणी नाही. साध्या पावडरीच्या वजनात पाचवा हिस्सा सोडियम धरायला हरकत नाही.

मातीचे बारीक चिकण कण एरवी कॅल्शियमच्या आधाराने एकमेकांना धरून असतात. त्यांच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्यांमधल्या फटींतून पाणी खाली उतरते, मुळांना हवा मिळते. सोडियम भरपूर आला की तो कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो, पण कणांना बांधून ठेवणे त्याला जमत नाही. गुठळ्या सुटतात, सुटलेले कण फटींत जाऊन बसतात आणि वाट बुजते. ओली असताना अशा मातीची राड होते, वाळली की ती विटेसारखी टणक. सोड्याचा आणखी एक प्रताप असा, की तो मातीतल्या उरल्यासुरल्या कॅल्शियमचा चुना करून टाकतो, म्हणजे सोडियमला विरोध करायलाही कोणी राहत नाही. वर मातीचा अल्कलीपणा वाढतो, लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जास्वंद, मोगरा आणि अनंत हे रूप फार लवकर दाखवतात. पाने पिवळी दिसताच साधक ‘पाणी कमी पडतेय’ असे निदान करून आणखी एक तांब्या पहिले पाणी घालतो. ही या साधनेतली नेहमीची पायरी आहे.

शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात भारी काळ्या रानात वर्षानुवर्षे पाटाचे पाणी दिले, निचरा मात्र झाला नाही. तिथे ती बघायला मिळते. त्यांना जे साधायला वर्षे लागली ते आपण गॅलरीत एका उन्हाळ्यात साधू शकतो. बारा इंची कुंडीला रोज एक लिटर पहिले पाणी घातले तर महिन्याला ८ ग्रॅमच्या वर सोडियम जातो. एवढा सोडियम मिठातून द्यायचा तर चहाचे चार चमचे मीठ लागेल. दुसऱ्या पाण्यातून महिन्याला अर्धा चमचाही होत नाही. तिसऱ्या पाण्यातून जातो तो नळाच्या पाण्यात मुळात असलेल्या सोडियममध्ये ओळखूसुद्धा येणार नाही. कुंडीत काळी माती असेल तर चिकण कण जास्त, म्हणून नुकसानही जास्त. आणि कुंडीखालच्या बशीत उतरलेले पाणी ‘वाया कशाला घालवा’ म्हणून पुन्हा वर ओतू नये. त्या पाण्याने जे बाहेर नेले, ते आपण परत आत ढकलतो.

यावरून वाटप सोपे वाटेल. पहिले पाणी संडासात किंवा पार्किंग धुवायला, दुसरे फरशीला, तिसरे झाडांना. पण साधक घरात एकटा राहत नाही. कपड्यांना सुवास यावा म्हणून कोणीतरी शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालते, पावसाळ्यात कोणी जंतुनाशकाचे झाकण ओतते. दोन्ही नेमके त्या सर्वांत स्वच्छ पाण्यात पडतात. सॉफ्टनर कापडाला चिकटण्यासाठीच केलेला असतो, तो मातीच्या कणांनाही तितक्याच आपुलकीने चिकटतो, आणि फरशीवर त्याचा निसरडा थर बसतो. जंतुनाशकाला चांगले जिवाणू आणि वाईट जिवाणू यांतला फरक शिकवलेला नसतो. तेव्हा ज्या घरात सॉफ्टनर आहे तिथे शेवटच्या पाण्याचा मान काढून घेऊन त्याला संडासाकडे रवाना करावे. सॉफ्टनर सोडणे हाही एक उपाय आहे, परंतु तो घरातल्या शांततेच्या कक्षेत येत असल्याने येथे सुचवलेला नाही. बाळाचे लंगोट किंवा आजाऱ्याचे कपडे असतील त्या दिवशी तिन्ही पाणी मोरीतच जाऊ द्यावीत. कोथिंबीर, पुदिना, पालक यांना धुण्याचे पाणी कधीच नाही, आणि बाकी झाडांनाही पानांवर न शिंपडता मुळाशीच.

पाणी पकडणे हा भाग पुस्तकात सोपा आणि मोरीत अवघड असतो. पुढून दार उघडणाऱ्या मशीनची नळी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर टेकवायची असते. बादलीसाठी ती जमिनीपर्यंत खाली सोडली तर मशीन भरत असतानाच पाणी आपोआप ओढले जाऊन बाहेर पडू लागते. मशीन भरत राहते, बादलीही भरत राहते आणि कपडे कोरडे. म्हणून बादलीच स्टुलावर चढवावी. साधक तोपर्यंत उभा राहील. वरून उघडणाऱ्या पुष्कळ मशीनांचा न्याय नेमका उलटा. त्यांत पंप नसतो, पाणी आपल्या वजनाने उतरते, आणि नळीचे तोंड फरशीलगत नसले तर ते येतच नाही. तिथे बादलीच्या काठावर नळी लटकवणे व्यर्थ आहे. एकतर मशीन मजबूत चौथऱ्यावर चढवावे, नाहीतर दुसरे पाणी सोडण्याआधी मशीन थांबवून झाकण उघडावे आणि तांब्याने काढून घ्यावे. पाणी त्याच दिवशी संपवावे. टबात साठवून झाकून ठेवले तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि घरातले सगळे एकदम पाण्याचे जाणकार होतात.

कोणते पाणी कितवे हा घोळ झाल्यास हळद विचारावी. चमचाभर पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदावर फासावी, वाळवावी, पट्ट्या कापाव्यात. पहिल्या पाण्यात पट्टी तांबूस होते. जेवणाचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो त्यातलेच हे. एक पट्टी साध्या नळाच्या पाण्यात बुडवून शेजारी ठेवावी, कारण बोअरचे पाणी कधीकधी स्वतःच थोडे अल्कली असते. जी पट्टी नळाच्या पट्टीइतकीच पिवळी राहील ते पाणी झाडांच्या कामाचे. हळद सोडा ओळखते, सॉफ्टनर ओळखत नाही. त्यासाठी घरातल्यांना विचारणे भाग आहे. फेसावर तर मुळीच विसंबू नये, कारण पुढून उघडणाऱ्या मशीनच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

फरशीबद्दल थोडे. पहिल्या पाण्याने पुसलेली फरशी ओली असताना चकाकते आणि वाळल्यावर तिच्यावर पातळ थर राहतो. त्यावर धूळ बसते, पावले उमटतात, आणि मावशी दुसऱ्या दिवशी ‘ताई, लादी चिकट लागतेय’ म्हणून साध्या पाण्याने पुन्हा पुसतात. वाचवलेली बादली तिथेच परत खर्च होते. दुसऱ्या पाण्याने हे होत नाही. लिंट मात्र गाळून घ्यावी, नाहीतर गडद फरशीवर साऱ्या टॉवेलांचा इतिहास उमटतो.

कुंडी आधीच बिघडली आहे का हे पाहायला एक वाळलेले ढेकूळ वाटाण्याएवढे घ्यावे आणि पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याच्या ग्लासात हलकेच सोडावे. ढवळू नये. दोन-तीन तासांनी ढेकूळ विरघळून ढीग झाला तरी चालेल, वरचे पाणी नितळ हवे. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरत असेल तर सोडियमने काम केले आहे. नळाचे पाणी या तपासणीला चालत नाही, कारण त्यातले क्षार कणांना जरा धरून ठेवतात आणि दोष झाकतात. धुण्याचे खारट पाणी हेच उन्हाळाभर करत असते. मग जूनमध्ये पावसाचे गोडे पाणी पडते, कण सुटतात, आणि कुंडीत तळे साचते. दोष पावसाला दिला जातो.

अशा कुंडीत दोन चमचे जिप्सम वरच्या मातीत मिसळावे. त्यातले कॅल्शियम सोडियमला उठवते. पण उठलेला सोडियम बाहेर गेला पाहिजे, म्हणून तळाचे छिद्र मोकळे करून चांगले पाणी खालून वाहेपर्यंत, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, तीन-चारदा द्यावे. या कामी धुण्याचे कोणतेही पाणी, कितवेही असो, चालणार नाही. जिप्सम कृषी सेवा केंद्रात मिळते, बहुधा गोणीने. दोन चमचे वजा जाता उरलेल्या गोणीचा विनियोग सोसायटीच्या पुढील सर्वसाधारण सभेत ठरवावा. तोपर्यंत ती मशीनशेजारी, स्टुलाखाली, कोरड्या जागी ठेवावी.